हजारात एक

श्यामला मॅडमना मुलं पाठीमागे 'आकडा-कुठला' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, प्राचार्यांचीसुद्धा नव्हती. कुणी कितीही सुबक गणित करून आणलं तरी मॅडम आधी उत्तराकडे बघायच्याच नाहीत. पहिल्या ओळीतल्या पहिल्या संख्येवर बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, "हा आकडा कुठला?" पुस्तकातला म्हटलं तर, "पुस्तकात कुठून आला? पावसाबरोबर पडला?" पोरगं बिचारं घाम पुसत परत जागेवर जायचं. तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून मॅडमचं ठाम मत झालं होतं, की गणित कुणालाही येतं, आकड्याचं मूळ विचारायची अक्कल मात्र फार थोड्यांना असते.

बेजच्या प्रमेयाचा तास हा तर त्यांचा हातखंडा. त्या दिवशी इतर वर्गातली मुलंही मागे येऊन बसायची. मॅडम विचारायच्या, "हजारात एकाला होणारा रोग आहे. आजारी माणसाला टेस्ट शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा पकडते. निरोगी माणसाला शंभरातल्या दोनदा उगाच पकडते. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तुम्ही आजारी असण्याची शक्यता किती?" अख्खा वर्ग ओरडायचा, "नव्व्याण्णव टक्के!" मॅडम शांतपणे खडू उचलायच्या आणि म्हणायच्या, "अडाणी आहात सगळे. बसा." मग फळ्यावर लाख माणसं उभी राहायची आणि तासाच्या शेवटी नव्व्याण्णवाचे पाच टक्केही उरायचे नाहीत. रोग मुळात किती जणांना असतो, हे विसरलात की टेस्ट तुम्हाला रडवते, असं सांगून मॅडम हात झटकायच्या.

दीपमाला याच वर्गातली. गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एम. एस्सी.ला पुण्यात आलेली, पहिले सहा महिने तोंडातून शब्द न काढणारी. सातव्या महिन्यात तिनं मॅडमच्याच फळ्यावरची चूक दाखवली आणि तेव्हापासून मॅडमनी तिला पोटच्या पोरीसारखं धरलं. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्या आणि त्यांची पुस्तकं. रविवारी दीपमाला यायची, पोहे खायची, वाद घालायची. पुढे तिला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. औषधांच्या चाचण्यांची माहिती परदेशातून यायची आणि ही मुलगी कॉम्प्युटरवर तिची छाननी करायची. लग्न झालं तेही तिच्या गावाकडच्याच मुलाशी. आनंद त्याचं नाव, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी, तिथल्याच क्वार्टरमध्ये घर. मुलगा सरळ होता. मॅडमनी त्याला एकदा जेवायला बोलावून तासभर तपासला आणि पास केला.

दोन हजार चार सालच्या एका रविवारी दीपमाला आली ती पोह्यांना हात न लावता बसून राहिली. तिला तिसरा महिना लागला होता. मॅडमना वाटलं, मळमळत असेल. तिनं पर्समधून दोन कागद काढले. एक लॅबचा रिपोर्ट होता, दुसरा तिच्या हातचं गणित.

"हिमोग्लोबिन कमी निघालं, मॅडम. म्हणून डॉक्टरीणबाईंनी अजून एक टेस्ट केली. सिकलसेलची. ती पॉझिटिव्ह आलीय."

"म्हणजे काय असतं ते?"

"रक्तातला दोष असतो. माझ्यात असला तर मी नुसती वाहक. मला काही त्रास नाही. पण आनंदमध्येपण असला, तर बाळाला तो आजार पूर्ण होऊ शकतो. चारात एक शक्यता. डॉक्टर म्हणतात मोठी टेस्ट करा, नवऱ्याचीही करा. दोघांत निघालं तर मुंबईला जाऊन बाळाचं तपासून घ्यायचं, आणि मग..." ती थांबली. "मग ठरवायचं. वेळ थोडा आहे म्हणतात."

"आणि हे?"

"मी गणित केलं. तुम्ही तपासून द्या."

मॅडमनी चष्मा पुसला, लाल पेन काढलं. तिचं अक्षर नेहमीसारखंच नेटकं होतं. वरच्या ओळीत लिहिलं होतं, दोषाचं प्रमाण हजारात एक. खाली टेस्टच्या माहितीपत्रकातले आकडे, तेही योगायोगानं अगदी वर्गातल्यासारखेच, नव्व्याण्णव आणि दोन. त्याखाली अपूर्णांक. मॅडम अपूर्णांकांवर कधी विश्वास ठेवत नसत, त्यांनी समासात लाख बायका उभ्या केल्या. हजारात एक, म्हणजे लाखात शंभर वाहक. त्यातल्या नव्व्याण्णव पकडल्या जाणार. उरल्या नव्व्याण्णव हजार नऊशे, त्यातल्या शंभराला दोन उगाच पकडल्या जाणार, म्हणजे एक हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन रडत बसलेल्या एकूण बायका दोन हजार सत्त्याण्णव, आणि त्यात खऱ्या वाहक नव्व्याण्णव.

"चार पूर्णांक सात टक्के," मॅडम म्हणाल्या.

"माझंही तेवढंच आलं."

मॅडमना इतका आनंद झाला की काय सांगावं. डॉक्टरीणबाई रिपोर्ट दाखवून घाबरवते आहे आणि आपली विद्यार्थिनी घाबरून न जाता घरी येऊन, मूळ प्रमाण विचारात घेऊन, चार ओळींत सगळ्या भीतीची हवा काढते आहे. तीस वर्षं घसा फोडल्याचं चीज झालं. त्यांनी खाली मोठी बरोबरची खूण केली, 'शाबास' लिहिलं आणि सही ठोकली.

"डॉक्टर लोकांना गणित शिकवत नाहीत गं. पॉझिटिव्ह म्हटलं की यांचे डोळे पांढरे. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा तुझ्यात काही नाही. वर आनंदमध्येही असायला हवं, मग त्यात चारात एक. हिशोब कर, काय उरतं? वाटलं तर मोठी टेस्ट कर. मनाची शांती म्हणून."

"वाटलं तर," दीपमाला म्हणाली.

निघताना ती दारात चपला घालत जरा जास्तच वेळ वाकून राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्हाला अजून काही विचारायचं नाही ना?"

"विचारायचंय ना. नाव काय ठेवणार ते," मॅडम म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

दीपमालानं मोठी टेस्ट केली नाही. मॅडमनी पुढच्या आठवड्यात ही गोष्ट नाव न घेता वर्गात सांगितली. डॉक्टरीणबाईंची नक्कल करून सांगितली. वर्ग पोट धरून हसला.

मुलगी झाली. खडकीच्या क्वार्टरमध्ये बारसं झालं, नाव तनया. आनंदनं चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि अर्ध्या लोकांना जेवण वाढताना त्याचे डोळे भरून येत होते. मॅडम स्वतः विणलेलं झबलं घेऊन गेल्या. विणकाम त्यांनी या झबल्यासाठी पन्नाशी उलटल्यावर शिकून घेतलं होतं आणि एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब झाली होती. तनया गोरीगोमटी नव्हती, गुटगुटीत होती, आणि मॅडमचा चष्मा दिसला की दोन्ही हातांनी झडप घालायची. दर रविवारी आता तिघं यायची. ज्या घरात पेन इकडचं तिकडे झालेलं चालत नसे तिथे सतरंजीवर मऊ भात सांडलेला असायचा आणि मॅडम तो हातानं गोळा करायच्या. मॅडम सुखात होत्या. इतकं साधं सुख आपल्या वाट्याला येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दहाव्या महिन्यात, दिवाळी होऊन गेल्यावर, आनंदचा फोन आला. तनयाचे हातपाय सुजलेत. रात्रभर किंचाळतेय. हॉस्पिटलात आणलंय.

मॅडम रिक्षानं पोहोचल्या. कॉटवर पोर पडलं होतं. चिमुकल्या हातांच्या पाठी आणि पावलं टम्म फुगलेली, बोटं ताठ झालेली. चादर नुसती सरकली तरी ती आकांत करत होती. आधीच्या डॉक्टरांनी काही चावलं का, पडली का, असं विचारून रक्ताचे नमुने घेतले होते. तेवढ्यात बालरोगाचे मोठे डॉक्टर आले. नागपूरला शिकलेले गृहस्थ. त्यांनी तनयाच्या हातांना स्पर्श न करता ते नुसते बघितले, पोटावर अगदी हलका हात ठेवला आणि आनंदकडे वळून पहिला प्रश्न विचारला.

"गाव कुठलं?"

"खडकी, सर."

"राहता कुठे ते नाही हो. मूळ गाव."

"गोंदियाकडचं. हीपण तिकडचीच."

डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं. मग त्यांनी नर्सला सलाइन लावायला सांगितलं, दुखायचं औषध सांगितलं, आणि तिघांच्या रक्ताची तपासणी लिहून दिली. मॅडम कोपऱ्यात उभ्या होत्या. तो दोन शब्दांचा प्रश्न त्यांना ओळखीचा वाटला. कशानं, ते लगेच कळलं नाही.

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. आनंद वाहक, दीपमाला वाहक, आणि तनयाला दोघांकडून आलेला पुरा आजार. डॉक्टरांनी बसवून समजावलं. माणूस चांगला होता, घाई करत नव्हता. अशी दुखणी पुन्हा पुन्हा येतील. ताप आला तर एक तासही घरी काढायचा नाही. रोज औषध. काही मुलं चांगली मोठी होतात, काहींचं अवघड असतं, आत्ता सांगता येत नाही. मग मॅडमकडे बघून, घरातल्या कुणी वडीलधाऱ्या समजून, ते म्हणाले, "पुण्याच्या पेठांतल्या घरांत हा दोष हजारात एकाला असेल की नाही शंकाच आहे. त्यामुळे इथे कुणाच्या डोक्यात येत नाही. पण यांच्या भागात, काही समाजांत, शंभरातले पंधरा-पंधरा जण वाहक निघतात. गरोदरपणात टेस्ट झाली नव्हती का?"

दीपमाला जमिनीकडे बघत होती.

घरी येऊन मॅडमनी पंखासुद्धा लावला नाही. टेबलाशी बसून कोऱ्या कागदावर पुन्हा लाख बायका उभ्या केल्या. या वेळी पुण्याच्या नाहीत, दीपमालाच्या गावाकडच्या. शंभरात पंधरा, म्हणजे पंधरा हजार वाहक. त्यातल्या चौदा हजार आठशे पन्नास पकडल्या जाणार. उरल्या पंच्याऐंशी हजार, त्यातल्या उगाच पकडल्या जाणाऱ्या सतराशे. एकूण सोळा हजार साडेपाचशे. त्यातल्या खऱ्या चौदा हजार आठशे पन्नास. शंभरातल्या जवळपास नव्वद. टेस्ट तीच, रिपोर्ट तोच, नव्व्याण्णव आणि दोन तेच. बदलली होती फक्त वरची ओळ, आणि वरच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं नव्हतं.

का ठेवलं नव्हतं, तेही त्यांना आता लख्ख दिसत होतं. तो आकडा ओळखीचा होता. 'हजारात एक' हा त्यांच्याच नोट्समधला. परक्याचा असता तर त्यांनी त्याची साल काढली असती. स्वतःचा आकडा आपल्या लाडक्या पोरीच्या अक्षरात दिसला आणि बाई फुलून गेल्या. बरं, त्यांच्या नोट्समध्ये तरी तो कुठून आला होता? नोकरीच्या पहिल्या वर्षी नोट्स काढताना एक दुर्मिळ रोग हवा होता, आणि हजार घेतलं की शून्यं सोपी पडतात. एवढंच. कुठलं गाव नाही, कुठली माणसं नाहीत. मॅडमनी लाल पेन उचलून केराच्या टोपलीत टाकलं. मग टेबलावर डोकं ठेवून त्या मोठ्यानं रडल्या, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वॉर्डात गेल्या. आनंद औषधं आणायला खाली गेला होता. तनया औषधाच्या गुंगीत होती. दीपमाला कॉटशेजारच्या स्टुलावर बसलेली होती, चार दिवसांचे तेच कपडे.

"दीपमाला, मला तुला सांगायचंय," मॅडम उभ्या उभ्याच म्हणाल्या. "मी तुझं गणित चुकीचं तपासलं. आकडा तुझ्या लोकांचा नव्हता. तो कुणाचाच नव्हता, मी सोयीसाठी घेतलेला होता. तुझ्यात दोष असायची शक्यता पाच टक्के नव्हती, नव्वद होती. मी विचारायला हवं होतं. जन्मभर सगळ्यांना विचारलं आणि तुला विचारलं नाही."

दीपमालानं आनंद येतोय का म्हणून दाराकडे पाहिलं. मग सावकाश बोलली.

"नव्वदपण नाही, मॅडम. मला धाकटा भाऊ होता. पाचव्या वर्षी गेला. असेच हात सुजायचे त्याचे. गावात वात म्हणायचे. नंतर नागपूरला नेलं तेव्हा कळलं काय ते. माझ्या लग्नाच्या वेळी आईनं शपथ घातली, कुणाजवळ बोलू नको म्हणून. कळलं असतं तर कुणी केलं नसतं मला. आनंदला अजून माहीत नाही."

मॅडम मटकन कॉटच्या कडेला टेकणार होत्या, पण पोराला धक्का लागेल म्हणून सावरल्या. आणि तेवढ्यातही त्यांचं मेलं डोकं थांबलं नाही. भावाला पुरा आजार, म्हणजे आई वाहक, बापही वाहक. बहीण मोठी होऊन धडधाकट राहिली, म्हणजे आजार तिला नाही. उरलेल्या तीन शक्यतांतल्या दोन वाहक असण्याच्या. टेस्टच्या आधीच तीनात दोन. मग ती टेस्ट पॉझिटिव्ह. उत्तर नव्व्याण्णव. दरवर्षी अडाणी पोरं बेंबीच्या देठापासून ओरडून सांगत होती तेच उत्तर. मॅडमना स्वतःची किळस आली.

"मग तो हजारचा आकडा का लिहिलास?" त्यांनी विचारलं.

"कारण तो लिहिला की बाळ राहत होतं," दीपमाला म्हणाली. "बसमध्ये ठरवलं होतं, मॅडम विचारतील. सोडणारच नाहीत त्या. विचारलं की भावाचं सगळं सांगून टाकायचं, आईची शपथ गेली खड्ड्यात. तुमच्यासमोर खोटं टिकत नाही, म्हणूनच तर तुमच्याकडे आले होते. पण तुम्ही शाबास लिहिलंत. मला वाटलं, सुटले मी."

मॅडमनी तिचे हात धरले. माफी मागायला आलेल्या बाईला समोरची बाई आपलाच गुन्हा सांगत होती, आणि दोन गुन्हे एकमेकांतून वजाही होत नव्हते.

"एक सांगा," दीपमाला म्हणाली. "तुम्ही विचारलं असतंत, मी मोठी टेस्ट केली असती, मुंबईला गेलो असतो, तर ही नसती. खरं ना?"

"बहुतेक."

"रविवारी तुमच्याकडे यायची ती नसती. तुमचा चष्मा ओढायची ती नसती. काल दुपारी दुखणं जरा कमी झालं तर आनंदकडे बघून हसली, मॅडम. एवढं होऊनसुद्धा हसली. मग मी कुठल्या तोंडानं म्हणू, की बरोबर उत्तर आलं असतं तर बरं झालं असतं? आणि ती किंचाळते तेव्हा कुठल्या तोंडानं म्हणू, की नाही आलं ते बरं झालं?"

मॅडम नुसत्या रडत राहिल्या, आणि दीपमालाही रडली, चार दिवसांत पहिल्यांदा, तोंडावर ओढणीचा बोळा दाबून, पोरीची झोप मोडू नये म्हणून.

तरीही ती मोडली. औषध उतरलं असावं. तनयानं डोळे उघडले, आईला पाहिलं, मॅडमना पाहिलं, आणि घ्या म्हणून हात उचलायला गेली. सुजलेला हात जेमतेम वर झाला आणि ती कळवळून किंचाळली. दीपमाला धावली, मॅडम धावल्या. एकीनं पाठीखाली हात घातला तर ती अजून जोरात रडली, दुसरीनं पायाला आधार दिला तर तिचा श्वासच कोंडला. दोघींनी हात काढून घेतले. ती दोघींकडे बघत रडत होती, आणि कॉटच्या दोन्ही बाजूंना त्या दोघी उभ्या होत्या, आणि तिला कुठे हात लावावा हे दोघींनाही कळत नव्हतं.